जोखमीचे एकसष्ट मुद्दे आणि दोनशे कोटींचा हिशेब

नमस्कार काका,
मी कराडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नुकतंच डीमॅट खातं उघडलंय, अजून एकही शेअर घेतलेला नाही. पुण्याजवळच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा आयपीओ येतोय. आमचे दीर म्हणतात, ग्रे मार्केटमध्ये, म्हणजे नोंदणीआधीच्या अनौपचारिक सौद्यांत, प्रीमियम चांगला आहे, डोळे झाकून अर्ज टाका. मी डोळे उघडून माहितीपत्रकच उतरवून घेतलं. एकूण इश्यू ५०० कोटींचा. त्यात २०० कोटींचे नवे शेअर आणि ३०० कोटींची ऑफर फॉर सेल. २०० पैकी ११० कोटी कर्जफेडीला, ४५ कोटी यंत्रांना, उरलेले ‘सर्वसाधारण कामकाजा’ला. गेल्या वर्षीचा नफा ३८ कोटी. इथवर ठीक होतं, पण पुढे जोखमीचे ६१ मुद्दे! एकाच ग्राहकाकडून ५८ टक्के विक्री, पीएफ भरायला उशीर, भूकंप, युद्ध, सगळंच. इतकं वाईट असेल तर कंपनी चालते तरी कशी? यातलं खरं किती धरायचं? पंधरा हजारांचाच प्रश्न आहे, पण ते माझे आहेत.
— एक वाचक, कराड

ताई,

ते ६१ मुद्दे वकिलांच्या हातून उतरलेले असतात. उद्या शेअर पडला आणि कुणी कोर्टात गेलं, तर ‘आम्ही हे आधीच छापलं होतं’ असं कंपनीला म्हणता यावं, हा त्यांचा पहिला हेतू. म्हणून भक्कम कंपनीचं जोखमीचं प्रकरणही भेसूरच दिसतं, आणि मुद्दे मोजून काही कळत नाही. कळायचं असेल तर ते प्रकरण तूर्त मिटवा आणि आधी पैशाचं प्रकरण उघडा. पीडीएफमध्ये Objects of the Offer असं शोधलंत की सापडेल. (नुसते नवेच शेअर असतील तिथे Objects of the Issue.) पैसा कशाला हवाय हे डोक्यात पक्कं बसलं की मग जोखमी वाचायच्या, कारण या दोन प्रकरणांची उलटतपासणी एकमेकांकडूनच होते.

तुमच्या आकड्यांतले ३०० कोटी आधी बाजूला काढू. ते कंपनीच्या तिजोरीत जाणारच नाहीत. जुने भागधारक आपले शेअर तुम्हाला विकणार आणि पैसे घरी नेणार. यात गैर काहीच नाही. मे २०२२ मध्ये एलआयसीचा इश्यू आला तो पूर्णच्या पूर्ण असा होता. सरकारने आपला साडेतीन टक्के हिस्सा विकला आणि एलआयसीला एक रुपयाही मिळाला नाही. तो शेअर पहिल्याच दिवशी इश्यूच्या भावाखाली उघडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजचाही इश्यू पूर्णपणे ऑफर फॉर सेलचाच. तो ५०० रुपयांना दिलेला शेअर १,२०० ला उघडला. तेव्हा ऑफर फॉर सेल दिसली की नाक मुरडायचं, हा नियम मला पटत नाही. मी पाहतो ते दुसरंच. विकतंय कोण, आणि त्यांना तो शेअर पडला केवढ्याला? विकणाऱ्यांचा सरासरी खरेदीभाव माहितीपत्रकाच्या सुरुवातीच्या पानांवरच तक्त्यात दिलेला असतो. सात-आठ वर्षांपूर्वी पैसे घातलेला गुंतवणूक फंड बाहेर पडत असेल तर ते त्याचं कामच आहे, त्याला कधीतरी पैसे परत न्यायचेच असतात. पण प्रवर्तक स्वतःच मोठा हिस्सा विकत असेल आणि त्याच माहितीपत्रकात ‘पुढच्या पाच वर्षांत प्रचंड वाढ’ असं चित्र रंगवलेलं असेल, तर त्या चित्राकडे मी जरा तिरप्या नजरेनेच बघतो.

आता खरे तुमचे २०० कोटी.

सगळ्यात मोठा भाग कर्जफेडीचा, ११० कोटी. ‘कर्ज फेडणार म्हणजे चांगलंच की,’ असं सगळे म्हणतात. असेलही, पण त्याचा हिशेब मांडून बघा. समजा व्याज साडेनऊ टक्के आहे. (नेमका दर त्याच प्रकरणातल्या कर्जांच्या तक्त्यात बँकेनुसार दिलेला असतो.) म्हणजे वर्षाला साधारण साडेदहा कोटींचं व्याज वाचेल. त्यावरचा कर वजा केला की निव्वळ नफ्यात आठेक कोटींची भर. ३८ कोटींचा नफा ४६ वर जाईल, म्हणजे एकवीस टक्क्यांची वाढ दिसेल, आणि त्यासाठी एकही जास्तीचा सुटा भाग विकावा लागणार नाही. पण त्याच वेळी शेअरही वाढलेले असतील. समजा इश्यूनंतर सगळ्या कंपनीचं मोल २,००० कोटी धरलंय. मग २०० कोटींचे नवे शेअर म्हणजे एकूण शेअरच्या एक दशांश. आधीच्या १०० शेअरच्या जागी आता १११ झाले. एकवीस टक्के जास्त नफा अकरा टक्के जास्त शेअरांत वाटला की प्रत्येक शेअरच्या वाट्याला नऊ टक्क्यांच्या आसपासच वाढ येते. ती वाईट नाही. फक्त पुढच्या वर्षी ‘नफा २१ टक्क्यांनी वाढला’ असा मथळा वाचाल, तेव्हा त्यातलं धंद्याचं किती आणि तुमच्या पैशाचं किती, हे तुम्हाला ठाऊक असेल.

आता त्याच तक्त्यात आणखी एक रकाना वाचा: कर्जाचा प्रकार. कारखाना उभारायला घेतलेलं मुदतकर्ज फेडलं की ते संपतं. पण कॅश क्रेडिट किंवा खेळत्या भांडवलाची मर्यादा आज फेडली, तरी ती मर्यादा शिल्लकच असते. पुढच्या महिन्यात पुन्हा उचलता येते. कर्जफेडीच्या नावाखाली मोठी रक्कम कॅश क्रेडिटला जाणार असेल, तर दोन वर्षांनी ताळेबंदात तेवढंच कर्ज पुन्हा दिसलं तरी नवल वाटून घेऊ नका. आणि फेडायचं कर्ज प्रवर्तकाकडून किंवा त्याच्या दुसऱ्या कंपनीकडून घेतलेलं असेल, तर नाव काहीही द्या, पैसा शेवटी घरातच जातोय.

यंत्रांचे ४५ कोटी हा माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात वाचण्याजोगा भाग. इथे कंपनीला तपशील द्यावाच लागतो: कुठलं यंत्र, किती नग, कोणत्या विक्रेत्याचं कोटेशन, कोटेशनची तारीख, ते कधीपर्यंत लागू, आणि ऑर्डर दिली आहे की नाही. बहुतेक लोक हा तक्ता रटाळ म्हणून ओलांडतात. ते ओलांडणं किती महाग पडू शकतं याचं उदाहरण २०२४ चं आहे. ट्रॅफिकसोल आयटीएस टेक्नॉलॉजीज या नोएडाच्या कंपनीचा सुमारे ४५ कोटींचा इश्यू सप्टेंबरमध्ये बीएसईच्या एसएमई, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या मंचावर आला. मागणी तीनशे पटींहून जास्त. त्या ४५ पैकी जवळजवळ १७ कोटी ७० लाख एका विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घ्यायला जाणार होते, आणि तसं माहितीपत्रकात छापलेलंही होतं. तक्रार झाली, शेअरची बाजारातली नोंदणी थांबली, सेबीने चौकशी केली. तो विक्रेता केवळ नावापुरती कंपनी असल्याचा निष्कर्ष निघाला. डिसेंबरमध्ये सेबीने इश्यू रद्द करून सगळ्यांचे पैसे परत करायला सांगितले. तीनशे पट मागणी घालणाऱ्यांपैकी त्या विक्रेत्याचं नाव शोधून बघणारे फार नसावेत.

तुम्ही ते करू शकता, आणि त्याला खर्च नाही. mca.gov.in वर Company Master Data मध्ये विक्रेत्या कंपनीचं नाव घाला. स्थापना कधीची, भरणा झालेलं भांडवल किती, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा भरलाय, एवढं दिसतं. बारा कोटींचं यंत्र देणारा विक्रेता गेल्या वर्षी एक लाखाच्या भांडवलावर सुरू झालेला असेल, किंवा त्याने ताळेबंदच भरलेला नसेल, तर तिथेच थांबा. विक्रेता परदेशी, नावाजलेला असेल तर ही तपासणी सोडून दिलीत तरी चालेल.

यंत्रांबद्दल दुसरा प्रश्न: मुळात ती हवीत कशाला? माहितीपत्रकात धंद्याच्या प्रकरणात क्षमतावापराचा तक्ता असतो. Capacity Utilisation असं शोधा. कारखाना किती टक्के चालतोय, तो आकडा गेल्या तीन वर्षांचा दिलेला असतो, चार्टर्ड इंजिनिअरच्या दाखल्यासह. कारखाना ८५-९० टक्क्यांवर चालत असेल तर नवी यंत्रं समजू शकतात. ६० टक्क्यांवर असेल तर आहे तीच यंत्रं चाळीस टक्के वेळ स्वस्थ बसलीत. मग नव्यांचं कारण काय? कदाचित वेगळ्या प्रकारचा भाग करायचा असेल, विजेवरच्या गाड्यांचा वगैरे. तसं असेल तर ते पैशाच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तुमच्या वहीत एक मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

उरले ४५ कोटी, ‘सर्वसाधारण कामकाज’. हे नाव जितकं निरुपद्रवी, तितकंच मोकळं. नियमाने उभारलेल्या एकूण पैशाच्या २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम या कामासाठी ठेवता येते. तुमच्या कंपनीने साडेबावीस टक्के ठेवलेत, आणि इश्यूचा खर्चही यातूनच जाणार असेल तर हातात उरणारी रक्कम आणखी कमी. म्हणजे नियमात बसतं. मर्यादेच्या इतकं जवळ मात्र आहे की मोकळ्या हाताचा मोह कंपनीलाही आहे, असं मी समजेन. यावर एक पहारा आहे. नव्या शेअरची रक्कम १०० कोटींच्या वर असली तर मॉनिटरिंग एजन्सी नेमावी लागते. ती एखादी पतमानांकन संस्था असते आणि पैसा सांगितलेल्या कामालाच गेला का, याचा दर तिमाहीला अहवाल देते. तुमच्या इश्यूत २०० कोटी आहेत, म्हणजे ही एजन्सी असणारच. तिचं नाव माहितीपत्रकात सापडेल.

आता वहीत तुमच्याकडे तीन प्रश्न जमलेत: कर्ज कोणत्या प्रकारचं, यंत्रं कशाला, आणि मोकळे ४५ कोटी कुठे. ही वही घेऊन जोखमीच्या प्रकरणात शिरा.

सेबीचा नियम सांगतो की जोखमी महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने लावायच्या आणि परिणाम आकड्यांत सांगता येत असेल तर आकडा द्यायचा. म्हणून पहिले दहा-पंधरा मुद्दे नीट वाचा. पुढच्यांवरून नजर फिरवताना माझी चाळणी साधी असते. वाक्य ‘असं होऊ शकतं’ म्हणतंय, की ‘असं झालं होतं’? इंग्रजीत may आणि could ची रांग लागलेली असेल तर बहुधा ती वकिली आहे. त्या रांगेत मध्येच have been, we had असं भूतकाळी काही आलं, आणि त्याखाली तक्ता असला, की पेन्सिल उचला. तक्ता उगीच कुणी छापत नाही. भूकंप, युद्ध, महागाई, पाऊस हे शेवटी ‘बाह्य जोखमी’ म्हणून सगळ्याच माहितीपत्रकांत असतं, जवळजवळ शब्दशः तेच. ते तुम्ही निःशंक सोडा, एक अपवाद ठेवून: कंपनी आयात मालावर चालत असेल तर रुपयाच्या घसरणीचा मुद्दा वाचा.

५८ टक्के विक्री एकाच ग्राहकाला, हे मात्र सोडायचं नाही. वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात ही नेहमीचीच गोष्ट आहे. चाकण-पिंपरीच्या कितीतरी कंपन्या एका मोठ्या वाहन कारखान्याच्या भरवशावर उभ्या राहिल्यात. तेव्हा दचकू नका, पण तीन वर्षांचा तक्ता बघा. ५८ वर कंपनी चढत चढत आलीय की ७० वरून उतरतेय? दोन्हींचा अर्थ अगदी उलटा आहे. मग पुढचं वाक्य वाचा. तिथे बहुधा असेल की ग्राहकाशी दीर्घ मुदतीचा करार नाही, माल फक्त परचेस ऑर्डरवर जातो. आणि आता वहीतला दुसरा प्रश्न काढा: ती ४५ कोटींची यंत्रं कुणासाठी? नव्या ग्राहकासाठी असतील तर कंपनी स्वतःच लिहिलेल्या जोखमीवर तुमचा पैसा लावून उपाय करतेय. त्याच ग्राहकासाठी असतील तर ती जोखीम तुमच्या पैशाने आणखी वाढवतेय.

ही उलटतपासणी किती बोलकी असते ते पेटीएमच्या माहितीपत्रकात दिसतं. नोव्हेंबर २०२१ चा तो इश्यू १८,३०० कोटींचा होता. १०,००० कोटी विकणाऱ्यांचे, ८,३०० कोटी कंपनीचे. कंपनीच्या वाट्यातले ४,३०० कोटी आपलं जाळं वाढवायला, म्हणजे ग्राहक आणि दुकानदार जोडायला आणि टिकवायला, आणि २,००० कोटी नवे धंदे, अधिग्रहणं, भागीदाऱ्या यांसाठी होते. खर्च वजा जाता उरलेलं सर्वसाधारण कामकाजाला. यात एकही यंत्र नाही, एकही कोटेशन नाही. सगळं कंपनीच्या विवेकावर. आणि जोखमीच्या प्रकरणात कंपनीचा तोट्याचा इतिहास होता, पुढेही खर्च वाढेल हे होतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला एवढं तरी कळत होतं की आपला पैसा प्रामुख्याने त्याच खर्चाला जाणार आहे, ज्याने आजवर तोटा झालाय. इश्यू २,१५० रुपयांना गेला आणि नोंदणीच्या दिवशीच शेअर जवळपास २७ टक्के खाली बंद झाला.

त्याच कागदपत्रात दुसरीही एक जोखीम होती, जिची चर्चा तेव्हा कमी झाली: पेटीएम पेमेंट्स बँकेवरचं अवलंबन. त्या बँकेत मूळ कंपनीचा हिस्सा ४९ टक्के होता, आणि धंद्याचा मोठा भाग तिच्यामार्फत चालत होता. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर कडक निर्बंध घातले. पुढचे दोन दिवस शेअरला २० टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं, म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त जेवढं पडता येतं तेवढा तो पडला. जोखीम छापली गेली आणि खरी ठरली यामध्ये सव्वादोन वर्षं गेली. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की जोखमीचं प्रकरण पहिल्या दिवसाचा भाव सांगत नाही. ते कंपनी कुठून मोडू शकते ते सांगतं, कधी ते नाही. ग्रे मार्केटचा प्रीमियम फक्त पहिल्या दिवसाबद्दल बोलतो, तोही कुठल्याही अधिकृत व्यवहाराशिवाय. दिरांचं आणि तुमचं भांडण नाही, तुम्ही दोघं वेगवेगळे प्रश्न विचारताय.

आता पीएफ. हा मुद्दा बहुतेक जण ‘किरकोळ’ म्हणून सोडतात आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. बघा, महिन्याच्या महिन्याला कामगारांचा पीएफ, ईएसआय, जीएसटी भरायला उशीर झाला, याचा तक्ता असेल. त्यात किती वेळा, किती रकमेचा, किती दिवसांचा आणि कारण काय, हे असेल. एखाद्या महिन्यात पोर्टल बंद होतं, नव्या कामगाराचं आधार जुळत नव्हतं, अशी कारणं असतील आणि रक्कम काही हजारांची असेल तर पुढे चला. पण उशीर तीनही वर्षं, बऱ्याच महिन्यांत आणि लाखांत असेल, तर तो खाते विभागाचा आळस नसतो. कंपनीच्या हातात रोख नसते. असं वाटलं तर आणखी दोन ठिकाणी बोट ठेवून बघा. एक, धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोख. Cash Flow शोधा आणि ‘ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीज’ची ओळ बघा. नफा ३८ कोटी दाखवलाय आणि ही ओळ उणे आहे का? दोन, येणी. विक्रीचे पैसे ग्राहकाकडून किती दिवसांनी येतात, ते दिवस वाढत चाललेत का? ५८ टक्के विक्री ज्या एका ग्राहकाला आहे तोच पैसे उशिरा देत असेल, तर पीएफचा उशीर, उणे रोख आणि कॅश क्रेडिटचं कर्ज हे तीन वेगळे मुद्दे राहत नाहीत. एकच कहाणी तीन ठिकाणी लिहिलेली आहे, आणि तुमच्या ११० कोटींनी तिच्यावर तात्पुरती मलमपट्टी होणार आहे.

जोखमीत आणखी एक वाक्य हमखास सापडेल: निधीचा अंदाज हा व्यवस्थापनाचा स्वतःचा आहे आणि कोणत्याही बँकेने वा वित्तसंस्थेने त्याचं मूल्यमापन केलेलं नाही. appraised हा शब्द शोधलात की दिसेल. हे बहुतेक इश्यूंत असतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण अर्थ समजून घ्या: ४५ कोटींचीच यंत्रं लागतात, ३० ची नाही, हे कंपनीशिवाय तिसऱ्या कुणीही तपासलेलं नाही. सेबीनेही नाही. ‘सेबीची मान्यता मिळाली’ असं कुणी सांगितलं तर पहिल्या काही पानांवरचा मजकूर दाखवा. सेबी या शेअरची शिफारस करत नाही आणि कागदपत्रातल्या मजकुराच्या अचूकतेची हमी देत नाही, असं तिथे स्पष्ट छापलेलं असतं. एसएमई इश्यूचं माहितीपत्रक तर शेअर बाजारच तपासतो. त्यात किमान अर्जच आता दोन लाखांच्या वर जातो, तेव्हा पहिल्या अर्जासाठी तिकडे फिरकू नका.

तुमच्या हातात नक्की काय आहे, तेही बघून घ्या. वर DRHP लिहिलंय की RHP? पहिला मसुदा काही महिने आधी येतो, त्यात किंमतपट्टा नसतो. अंतिम RHP इश्यू उघडायच्या जेमतेम काही दिवस आधी येतो, आणि चारशे पानं तेवढ्यात निवांत वाचून होत नाहीत. म्हणून मोठं वाचन मसुद्यावर करा आणि RHP हातात आला की फक्त तुलना करा. दोन्ही sebi.gov.in वर Filings मध्ये Public Issues खाली मिळतात. कर्जफेडीची रक्कम बदलली का, एखादं उद्दिष्ट गळालं का, ऑफर फॉर सेल फुगली का, जोखमीत नवा मुद्दा वर चढला का. या फरकांत कधी कधी पूर्ण कागदपत्रापेक्षा जास्त माहिती असते. तुमची कंपनी पुण्याकडची, म्हणजे नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रातच असेल, तर किंमतपट्ट्याची जाहिरात मराठी दैनिकातही येईल. त्यात गुंतवणूकदारांसाठीच्या जोखमींची चौकट असते. बारीक टाइपात असते, पण मराठीत असते, आणि विकणाऱ्यांच्या खरेदीभावाचे आकडे बहुधा तिथेच एकत्र मिळतात.

अर्ज करायचाच झाला तर तीन दिवस मिळतात. पहिल्या दिवशी घाई करून काही पदरात पडत नाही. किरकोळ गटात मागणी जास्त झाली की वाटप सोडतीने होतं, तारखेने नाही. पंधरा हजार तुमच्या खात्यातच गोठलेले राहतात, वाटप झालं तरच जातात. आणि इश्यू बंद होईपर्यंत तुम्हाला अर्ज मागेही घेता येतो.

तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरून मला विचाराल, तर ‘अर्ज करा’ असं सांगायला माझ्याजवळ पुरेसं नाही, आणि ‘करू नका’ म्हणायलाही नाही. माझं मत दोन तक्त्यांवर अडकलंय. क्षमतावापर ८० च्या वर असेल आणि फेडायचं कर्ज बहुतांश मुदतकर्ज असेल, तर पीएफच्या तक्त्यात फारसं काही नसल्यास मी पंधरा हजारांचा एक अर्ज घालेन. वापर साठ-पासष्टवर आणि कर्ज कॅश क्रेडिटचं असेल, तर ग्रे मार्केटमध्ये काहीही चाललेलं असो, मी हा इश्यू सोडून देईन. त्या कंपनीचा शेअर पुढे बाजारात रोज मिळणारच आहे, आणि चार तिमाहींनी मॉनिटरिंग एजन्सीचे अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर आलेले असतील. ते ४५ कोटी यंत्रांवर गेले की बँकेच्या ठेवीत पडून राहिले, हे तेव्हा आयतंच वाचायला मिळेल.